काही भाषांत ‘ग’ का नसतो, काहींतून ‘प’ का जातो: व्यंजनसंच आणि चिन्हिततेबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जगातल्या भाषांमधल्या व्यंजनांचे तक्ते शेजारी शेजारी ठेवले, की काही घरं पुन्हा पुन्हा रिकामी दिसतात. ही घरं कुठलीही नसतात. ठरावीक जागीच रिकामपण येतं. इथले बहुतेक प्रश्न अशा दोन घरांभोवती फिरतात, एक ‘ग’चं आणि एक ‘प’चं. सगळ्या व्यंजनांची जंत्री देण्यापेक्षा ही दोन घरं नीट पाहिली, तर बाकीचं बरंचसं आपोआप कळतं.

कोणता ध्वनी सार्वत्रिक आणि कोणता दुर्मिळ, हे ठरवतं कोण?

मोजून ठरवतात. भाषावैज्ञानिक इयान मॅडिसन यांनी १९८४ मध्ये ३१७ भाषांचे ध्वनिसंच एका पद्धतीत बसवून त्यांची तुलना छापली. पुढे तो साठा ४५१ भाषांपर्यंत वाढला. भाषा निवडताना एकाच कुळातल्या दहा बहिणी घेतल्या जाणार नाहीत, याची त्यांनी काळजी घेतली होती. आज सर्रास वापरला जाणारा ‘फॉइबल’ हा साठा त्याहून बराच मोठा आहे. त्यात दोन हजारांहून जास्त भाषा आहेत. त्यातल्या नोंदी पाहिल्या तर ‘म’ सुमारे ९६ टक्के संचांत सापडतो, ‘क’ ९० टक्क्यांच्या आसपास, ‘प’ ८६ च्या आसपास, ‘ब’ ६३ आणि ‘ग’ ५७.

हे आकडे वाचताना एक खड्डा लक्षात ठेवावा लागतो. याच साठ्यात ‘त’च्या एका चिन्हापुढे फक्त ६८ टक्के दिसतात, म्हणजे ‘क’पेक्षा कितीतरी कमी. हे पाहून ‘त’ दुर्मिळ आहे असं कुणी लिहिलं तर ते साफ चूक ठरेल. दातांना जीभ लावून केलेला त आणि दातांमागच्या हिरड्यांना लावून केलेला त यांना तिथे वेगळी चिन्हं आहेत, त्यामुळे मतं फुटतात. दोन्ही एकत्र धरले की ‘त’ पहिल्या रांगेत येऊन बसतो. टक्केवारी ही ध्वनीची असते तितकीच नोंद करणाऱ्याच्या सवयीचीही असते.

शिवाय नुसत्या टक्केवारीतून खरी गंमत हाती लागत नाही. ‘ब’ आणि ‘ग’ यांच्यात सहा टक्क्यांचाच फरक दिसतो, कारण कितीतरी भाषांत घोष स्पर्श-व्यंजनंच, म्हणजे तोंडात हवा पूर्ण अडवून स्वरतंतूंच्या कंपनासह केलेली ब, द, ग यांसारखी व्यंजनंच, नाहीत आणि त्या दोन्हीकडे सारख्याच गैरहजर असतात. विचारायचा प्रश्न वेगळा आहे. ज्या भाषेत ब आणि द आहेत, तिथे ग आहे का? अनेकदा तो नसतो. उलट प्रकार, म्हणजे द आणि ग आहेत पण ब नाही, फारच कमी सापडतो.

‘चिन्हित’ आणि ‘अचिन्हित’ म्हणजे नेमकं काय?

ही कल्पना १९३० च्या दशकात प्राग इथल्या भाषावैज्ञानिकांनी मांडली. निकोलाय त्रुबेत्स्कॉय यांना दिसलं, की जोडीतल्या दोन ध्वनींपैकी एकाकडे काहीतरी जास्तीचं असतं. द म्हणजे त अधिक घोष. तो जास्तीचा गुण म्हणजे खूण, म्हणून द चिन्हित आणि त अचिन्हित. जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटी हा भेद पुसला जातो. चाक या अर्थाचा ‘राड’ आणि सल्ला या अर्थाचा ‘राट’ हे दोन्ही शब्द बोलताना ‘राट’ असेच ऐकू येतात. भेद पुसल्यावर जो उरतो तो अचिन्हित, असा त्यांचा निकष होता.

रोमान याकोब्सन यांनी १९४१ मध्ये याच कल्पनेला बरीच मोठी झेप घ्यायला लावली. मुलं जे ध्वनी आधी शिकतात, मेंदूला इजा झालेले लोक जे शेवटी गमावतात आणि जगातल्या भाषांत जे सर्वाधिक आढळतात, ते सगळे एकच, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यातूनच ‘अमुक असेल तर तमुक असतंच’ अशा स्वरूपाचे नियम आले. घोष स्पर्श असतील तर प, त, क यांसारखे अघोष असतात, स-सारखे हवा घासून येणारे घर्षक असतील तर स्पर्श असतात, म-न यांसारखं नाकातून येणारं नासिक्य अघोष असेल तर घोष नासिक्यही असतं. जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६० च्या दशकात असे नियम पद्धतशीरपणे गोळा केले.

अडचण अशी झाली, की हा शब्द पुढे कशालाही चिकटू लागला: अवघड म्हणून चिन्हित, कमी वापरात म्हणून चिन्हित, उशिरा शिकला जातो म्हणून चिन्हित. मार्टिन हास्पेलमाट यांनी २००६ मध्ये या शब्दाचे बारा वेगवेगळे अर्थ मोजून दाखवले आणि तो सोडूनच द्या असं सुचवलं. मला त्यांचं निम्मं पटतं. वर्णन म्हणून हा शब्द सोयीचा आहे, पण कारण म्हणून तो पोकळ आहे. ‘ग दुर्मिळ का? कारण तो चिन्हित आहे’ या उत्तरात प्रश्नच पुन्हा सांगितलेला असतो.

मग खरं कारण काय? ‘ग’च का गळतो?

कारण हवेत आहे, आणि ते स्वतःच्या तोंडात तपासता येतं.

घोष ध्वनी म्हणजे स्वरतंतूंचं कंपन. ते चालू राहायला हवा खालून वर वाहत राहावी लागते आणि हवा वाहायला स्वरतंतूंच्या खालचा दाब वरच्या दाबापेक्षा जास्त असावा लागतो. नेहमीच्या बोलण्यात फुप्फुसांकडचा दाब पाण्याच्या सहा ते आठ सेंटिमीटर उंचीइतका असतो. कंपन टिकायला त्यातला एक-दोन सेंटिमीटरचा फरक तरी शिल्लक लागतो. स्पर्श-व्यंजनात तोंडाचा मार्ग पूर्ण बंद असतो. नाकही बंद. आत येणारी हवा अडथळ्यामागे साठते, तिथला दाब झपाट्याने वाढतो, फरक संपतो आणि कंपन थांबतं. तोंडाच्या भिंती दगडासारख्या कडक असत्या तर घोष दहा-पंधरा मिलिसेकंदांतच विझला असता. व्यंजनाचा बंद काळ मात्र त्याच्या कितीतरी पट असतो.

आपण बोलू शकतो कारण भिंती कडक नाहीत. आता ओठ घट्ट मिटून ‘ब’ धरून ठेवा आणि आवाज जितका वेळ चालेल तितका चालू द्या. गाल फुगताना जाणवतील. अडथळा अगदी पुढे, ओठांवर आहे. त्यामागे गाल, जिभेचा पृष्ठभाग, मऊ टाळू असा मोठा लवचीक भाग मोकळा आहे आणि तो ताणला जाऊन हवेला जागा करून देतो. तळहातांनी गाल दाबून हेच केलं तर आवाज लवकर गुदमरतो. मग ‘ग’ धरून पाहा. जिभेचा मागचा भाग टाळूला टेकला, की त्याच्यापुढचे गाल निरुपयोगी होतात. हवेसाठी उरते ती घशातली छोटी पोकळी, आणि ती फारशी फुगत नाही. आवाज जवळजवळ लगेच बंद पडतो. ‘द’ या दोन्हींच्या मध्ये.

जॉन ओहाला यांनी ही मांडणी १९७० आणि ८० च्या दशकांत प्रयोगांनी पक्की केली. ब, द, ग या क्रमाने घोष टिकवणं कठीण होत जातं आणि तक्त्यातली रिकामी घरं त्याच क्रमाने वाढतात.

ग गेला, तर त्याचं होतं काय?

तो सहसा हवेत विरत नाही. दाब मोकळा करण्याच्या ज्या वाटा आहेत, त्यांपैकी एखादीने तो बाहेर पडतो.

पहिली वाट म्हणजे अडथळाच थोडा किलकिला करणं. मग ग घासून येतो आणि हळूहळू ‘ह’ होतो. रशियनमध्ये पायाला ‘नगा’ म्हणतात, चेक आणि युक्रेनियनमध्ये त्याच शब्दात ह आहे. डोंगर रशियनमध्ये ‘गरा’ आणि चेकमध्ये ‘होरा’. दुसरी वाट नाकाची. जुन्या वळणाच्या टोकियोच्या जपानीत शब्दाच्या मध्ये आलेला ग ‘ङ’ होतो, त्यामुळे किल्ली या अर्थाचा ‘कागि’ हा शब्द ‘काङि’ असा ऐकू येतो. तिसऱ्या वाटेत जीभ पुढे सरकते. उंटाला हिब्रूत ‘गामाल’ आणि अरबीत ‘जमल’ म्हणतात. इजिप्तमध्ये मात्र तोच शब्द ‘गमल’ असा बोलतात. चौथ्या वाटेत घोषच सोडून दिला जातो.

म्हणून एखाद्या भाषेत ग नसेल तर आधी तिच्या बहिणींकडे पाहावं. तिकडे ग आहे आणि इकडे त्याच जागी ह, ज, ङ किंवा क आहे असं दिसलं, की ते घर कसं रिकामं झालं हे कळतं.

याचं एखादं नीट उलगडलेलं उदाहरण आहे का?

थाई घ्या. मराठी वाचकाला ते विशेष जवळचं वाटेल, कारण पुरावा संस्कृत शब्दांमध्ये आहे.

आजच्या थाईत ओठांवर प, फ, ब असे तीन स्पर्श आहेत (हा फ म्हणजे महाप्राण प, दात-ओठांचा नव्हे). दातांजवळ त, थ, द. मागे मात्र फक्त क आणि ख. तक्ता तीन-तीन-दोन असा आहे. ‘ग’चं घर रिकामं.

आता थाईने घेतलेले शब्द पाहा. नगर तिथे ‘नखॉन’ होतं. गुरु ‘ख्रू’ होतो आणि त्याचा अर्थ शिक्षक. बुद्ध ‘फुत्’ होतो. म्हणजे मूळ शब्दांतला ग सरसकट ख झाला, ब फ झाला. कधीकाळी थाईत घोष ब, द, ग होतेच आणि ते लिहायला अक्षरंही होती. पुढे ही आख्खी ओळ घोष सोडून महाप्राण झाली. जाताना तिने शब्दाच्या सुरावर आपली छाप ठेवली, त्यामुळे जुना ख आणि ग-पासून झालेला ख आजही वेगळ्या अक्षरांनी लिहिले जातात.

मग आजचे ब आणि द आले कुठून? ते दुसऱ्याच ओळीतले. जुन्या थाईत स्वरयंत्र आवळून केलेले किंवा हवा आत ओढल्यासारखे उच्चारले जाणारे ब आणि द होते. अशा ध्वनींत स्वरयंत्र खाली सरकवून अडथळ्यामागची जागा वाढवतात. ओठांमागे हे छान जमतं. टाळूच्या मागे मुळात जागाच थोडी, म्हणून या ओळीत ‘ग’ जवळपास कुठेच नसतो. थाईतही तो नव्हता. जुनी ओळ महाप्राण झाल्यावर घोष म्हणून उरली ती ही अपुरी ओळ, आणि तिचं भोक आजच्या भाषेत तसंच आलं.

थाईने ‘ग’ एकदा गमावला असं म्हणणं त्यामुळे अर्धंच खरं आहे. एक ग सगळ्या ओळीबरोबर गेला, दुसरा जन्मालाच आला नाही. तक्त्यात दोन्ही सारखेच दिसतात.

आणि ‘प’? तो तर सगळ्यात सोपा, मग तो का हरवतो?

उच्चारायला सोपा, ऐकायला कमजोर. क सोडताना जिभेपुढे तोंडाची पोकळी असते आणि ती सुटणाऱ्या हवेच्या आवाजाला घुमवते, त्यामुळे क ठळक ऐकू येतो. ओठांपुढे पोकळीच नाही. प सुटतो तेव्हा एक फिका, पसरट फुत्कार होतो. ओठ जरा सैल मिटले की त्याचा फ होतो आणि तो फ पुढे ह होऊन नाहीसा होतो.

ही उतरंड जगभर दिसते. तमिळमध्ये दूध ‘पाल्’, कन्नडमध्ये ‘हालु’. तमिळमध्ये फूल ‘पू’, कन्नडमध्ये ‘हूवु’. जुन्या कन्नडात इथे प होता, मध्ययुगात त्याचा ह झाला. आजच्या कन्नडात प भरपूर आहे, पण शब्दारंभीचा प पाहिला तर तो बराचसा संस्कृत आणि इतर भाषांकडून आलेला आहे. रिकामं झालेलं घर उसन्या शब्दांनी पुन्हा भरलं. आयरिश भाषेच्या पूर्वजांनी तर शेवटपर्यंत मजल मारली. संस्कृत ‘पितृ’ आणि लॅटिन ‘पातेर’ यांच्या जोडीचा जुना आयरिश शब्द प-विना, स्वरानेच सुरू होतो.

जपानीतला पुरावा मला सगळ्यात आवडतो. तिथेही जुना प आधी फ-सारखा आणि मग ह झाला, पण जोडाक्षरातला प्प तसाच टिकला. त्यामुळे त्या देशाचं नाव ‘निहोन’ही आहे आणि ‘निप्पोन’ही. ओठ जास्त वेळ घट्ट मिटलेले राहिले तिथे प वाचला.

अरबीत दोन्ही घरं रिकामी आहेत. ब आहे, त आहे, द आहे, क आहे. प नाही आणि अभिजात अरबीत ग नाही. अघोष ओळीत पुढचं टोक गळालेलं, घोष ओळीत मागचं. पाकिस्तान म्हणूनच अरबीत ‘बाकिस्तान’ होतं. तोंड या अर्थाचा हिब्रू शब्द ‘पे’ आहे आणि अरबी ‘फम’, त्यामुळे जुना प कुठे गेला हेही दिसतं.

हे सगळं शेजारच्या भाषांच्या नादाने झालेलं नसेल कशावरून?

काही प्रमाणात तसंच झालेलं आहे. नकाशावर ‘प’ची भोकं अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेच्या पट्ट्यात गर्दी करतात, ‘ग’ची आग्नेय आशियात. केवळ शरीररचना कारण असती तर ती सगळीकडे सारखी विखुरलेली दिसली असती. शरीररचना भोक कुठे पडू शकतं ते सांगते. ते कुठल्या गावात पडेल आणि तिथून किती पसरेल, हे इतिहास आणि शेजार ठरवतात. मूर्धन्य ट, ड, ण भारतात आणि ऑस्ट्रेलियात घरोघरी आणि युरोपात विरळ, ते याच कारणाने.

मराठीत तर तक्ता पूर्ण भरलेला आहे. मग हा नियम आपल्याला लागू नाही का?

लागू आहे, पण त्याच्या उलट खेचणारी दुसरी ताकदही आहे. मराठी च, ट, त आणि प या जागी घोष आणि महाप्राण वापरतेच. एकदा या दोन युक्त्या अंगवळणी पडल्या, की त्याच युक्त्यांनी क-वर्गही बनवायला नवी मेहनत लागत नाही. आंद्रे मार्तिने यांनी १९५० च्या दशकात आणि पुढे जॉर्ज क्लेमेंट्स यांनी हे दाखवलं, की भाषा थोडे गुण घेऊन त्यांच्या शक्य तितक्या जोड्या भरतात. ग टाकून दिला तर कष्ट किंचित वाचतात आणि ओळ मोडते. टाकायचा की ठेवायचा, हे कुठलीच भाषा सभा घेऊन ठरवत नाही. शब्दांच्या गर्दीतून ते घडतं.

आणि खरं सांगायचं तर आपला तक्ताही पुरता भरलेला नाही. ङ आणि ञ वर्णमालेत आहेत, पण आजच्या बोलण्यात ते ‘अंक’, ‘पंच’ अशा शब्दांत पुढच्या व्यंजनाच्या ओढीनेच येतात. ङ-ने सुरू होणारा रोजचा मराठी शब्द शोधून सापडणार नाही. स्पर्शांच्या जागा जितक्या, तितक्याच किंवा त्याहून कमी नासिक्यं, हे चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९६३ मध्ये मांडलेलं निरीक्षण मराठीला व्यवस्थित बसतं.

सगळ्या भाषांत असतंच असं एखादं व्यंजन आहे का?

नाही. स्पर्श-व्यंजनं सगळीकडे असतात, पण अमुक एकच स्पर्श सगळीकडे, असं सांगता येत नाही. हवाईयनमध्ये आठ व्यंजनं आहेत आणि त आणि क हा भेदच नाही. अलास्कातल्या ट्लिंगिटमध्ये परंपरेने ओठ मिटून काढायचे ध्वनी नाहीत, म्हणजे ‘म’सुद्धा नाही. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या मकाह आणि क्विल्यूट भाषांत जुने म आणि न हे ब आणि द झाले, त्यामुळे नेहमीची नासिक्यं उरलीच नाहीत. बोगनव्हिल बेटावरच्या रोटोकासमध्ये फक्त सहा व्यंजनं आहेत. दुसऱ्या टोकाला आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातली ‘ताआ’ भाषा आहे, तिच्या काही विश्लेषणांत व्यंजनांची संख्या शंभराच्या पुढे जाते. सर्वसाधारण भाषा बावीसच्या आसपास असते.

म्हणून या क्षेत्रात आज ‘नियम’ हा शब्द जपून वापरतात. हे कल आहेत, काही फार जोरदार, काही बेताचे.

दुर्मिळ म्हणजे उच्चारायला अवघड, असं समजायचं का?

हा सगळ्यात पसरलेला गैरसमज आहे, आणि क्लिक ध्वनी त्याला खोटं पाडतात. हळहळताना जीभ दातांमागून ओढून आपण जो ‘च् च्’ करतो तो क्लिकच. लहान मूलही तो करतं. तरी व्यंजन म्हणून क्लिक आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात आणि पूर्व आफ्रिकेतल्या मोजक्या भाषांत सापडतात. त्याबाहेरचं ठळक उदाहरण एकच: ऑस्ट्रेलियातल्या लार्डिल लोकांची दामिन ही विधींपुरती वापरली जाणारी बोली.

ध्वनी किती भाषांत सापडेल हे दोन गोष्टींवर ठरतं. तो किती वेळा जन्माला येतो, आणि जन्मल्यावर किती काळ टिकतो. साध्या क-त-प पासून घसरत घसरत क्लिकपर्यंत पोहोचणारी वाट फारच क्वचित तयार होते, म्हणून त्याचा जन्म विरळ. एकदा आला की मात्र तो ठळक ऐकू येतो आणि चिवटपणे टिकतो. झुलू आणि खोसा या बांटू भाषांनी तो शेजाऱ्यांकडून घेतला आणि शतकानुशतकं सांभाळला. ‘ग’चं नेमकं उलट. तो सहज जन्मतो आणि सहज निसटतो.

चेक भाषेतला ‘र’ आणि ‘झ’ एकत्र झाल्यासारखा ध्वनी मात्र दोन्ही अर्थांनी दुर्मिळ आहे. तो जन्मतोही क्वचित आणि जमतोही उशिरा. चेक मुलं तो सगळ्यात शेवटी शिकतात.

आपले घ, ध, भ इतर भाषांत फारसे का आढळत नाहीत?

घोष आणि महाप्राण एकाच वेळी हवे असले, तर स्वरतंतू कंपत राहून हवाही मोकळी सुटायला हवी. हे जमतं, पण ते क, ख, ग या तिघांपासून नीट वेगळं ऐकू येणं नाजूक काम आहे. म्हणून हे ध्वनी मुख्यतः आपल्या उपखंडात टिकले. इथूनच एक जुना आणि आजही न मिटलेला वाद निघतो.

संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्या मूळ भाषेत पारंपरिक मांडणीप्रमाणे तीन ओळी होत्या: प-त-क, ब-द-ग आणि भ-ध-घ. याकोब्सन यांनी १९५८ मध्ये शंका काढली, की त-द-ध आहेत पण थ नाही, अशी भाषा कुणी पाहिली आहे का? त्यातून दुसरी विचित्र गोष्ट अशी, की त्या मूळ भाषेत ‘ब’ जवळजवळ नव्हता. ‘बल’सारखे मोजकेच शब्द अपवाद म्हणून दाखवले जातात. वर पाहिलं तसं, घोष ओळीत भोक पडायचंच तर ते ‘ग’च्या जागी पडायला हवं. इथे ते ‘ब’च्या जागी आहे.

१९७३ मध्ये गामक्रेलिद्झे आणि इवानोव्ह या जोडीने, आणि स्वतंत्रपणे पॉल हॉपर यांनी, यावर तोडगा सुचवला. ब-द-ग ही ओळ घोष नव्हतीच. ती स्वरयंत्र बंद करून, ते वर ढकलून, आतली हवा दाबून सोडायच्या ध्वनींची होती. जॉर्जियनमध्ये असे ध्वनी आजही आहेत. या प्रकारात हिशेब उलटा होतो. मागच्या छोट्या पोकळीत हवा पटकन दाबली जाते, म्हणून तिथला क खणखणीत येतो. ओठांमागच्या मोठ्या पोकळीत स्वरयंत्र तेवढंच वर सरकलं तरी दाब कमीच वाढतो, म्हणून असा प फुसका होतो आणि तोच आधी गळतो. भोक बरोबर जागी येतं.

तर्क देखणा आहे, पण सर्वमान्य नाही. मग संस्कृत, ग्रीक, लॅटिन अशा अनेक शाखांत ते ध्वनी नंतर घोष झाले असं मानावं लागतं, आणि तो बदल इतक्या ठिकाणी झाला हे बऱ्याच जणांच्या गळी उतरत नाही. संभाव्यता हा पुरावा म्हणून दुबळा असतो. दुर्मिळ भाषा खरोखर अस्तित्वात असतात, आपल्या पूर्वजांची तशी असू नये असं काही नाही.

खाण्यापिण्याचा किंवा दातांचा ध्वनींशी संबंध असतो का?

एका बाबतीत असावा. खालचा ओठ वरच्या दातांना लावून केलेला फ किंवा व, वरचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे असले की सोपा जातो. कडक खाण्याने दात झिजले की ते टोकाला टोक येतात. चार्ल्स हॉकेट यांनी १९८५ मध्ये सुचवलं, की शेती आणि मऊ अन्न आल्यावर हे ध्वनी वाढले. २०१९ मध्ये बालथासर बिकेल यांच्या गटाने जबड्याची गणिती प्रतिकृती आणि भाषांची आकडेवारी लावून त्याला आधार दिला. मराठीत ‘फळ’मधला महाप्राण प हल्ली अनेकांच्या तोंडी दात-ओठांचा होतो, ती घसरण याच सोप्या उताराची.

एखाद्या भाषेच्या तक्त्यात भोक दिसलं, तर ते खरं की नोंदीतली चूक, कसं ओळखायचं?

लिपीवर जाऊ नये, हे पहिलं. डचमध्ये ग-साठीचं रोमन अक्षर जागोजागी आहे, पण त्याचा उच्चार घशात घासलेला असतो. खरा ग परक्या शब्दांपुरताच.

मग ध्वनी कानाला ऐकू येतो का आणि तो अर्थ बदलतो का, हे वेगळं तपासावं. डचमधला रुमाल या अर्थाचा शब्द ‘झाक्’ आणि ‘दूक्’ असा जोडलेला आहे. बोलताना पुढच्या द-मुळे त्यातला क घोष होतो आणि स्पष्ट ‘ग’ ऐकू येतो. ध्वनिमुद्रण ऐकणारा नवखा माणूस लगेच संचात ग लिहून टाकेल. पण क-च्या जागी ग घातल्याने दुसरा शब्द तयार होतो, अशी देशी शब्दांची जोडी त्याला दाखवता येणार नाही. तो ग शेजाऱ्यामुळे उमटलेला आहे.

शेवटी उसने शब्द बाजूला काढून यादी पुन्हा मोजावी. कन्नडात असं केलं की शब्दारंभीचे बहुतेक प नाहीसे होतात. चेकमध्ये ‘ग’ची तीच गत होते. दोन्ही भाषांच्या आजच्या तक्त्यात ही घरं भरलेली दिसतील आणि ते बरोबरच आहे. फक्त भोक होतं हे सांगायला मग ह-ने सुरू होणारे जुने शब्द लागतात.